‘प्रोव्हिजनल’ उमेदवारी: तात्पुरती, हंगामी की सशर्त?

सायली (माहीम): एका भरतीची जाहिरात मराठीत करतेय. एका वाक्यावर अडले आहे. आशय असा, की लेखी परीक्षेला बसू दिलं म्हणजे पात्रता मान्य केली असं नाही, मूळ कागदपत्रं तपासेपर्यंत उमेदवारी ‘प्रोव्हिजनल’ समजली जाईल. मी ‘तात्पुरती उमेदवारी’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘हंगामी उमेदवारी’ केलं. ‘तात्पुरती’ म्हटलं की ती कधीतरी संपणारच असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मला ‘हंगामी’ त्याहून खटकतंय. तुम्ही काय लिहाल?

नितीन (लालबाग): हंगामी असेल तर मुलांनी अर्जच करू नये. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर आत घ्यायचे, नाहीतर घरी. एवढी परीक्षा देऊन तसलीच नोकरी मिळणार असेल तर काय उपयोग?

सायली (माहीम): नितीनदादा, नोकरी कायमचीच आहे. उमेदवारी तेवढी प्रोव्हिजनल.

नितीन (लालबाग): मग जाहिरातीत तसं कळू दे की. आमच्याकडे ‘उमेदवारी करतोय’ म्हणजे काम शिकायला राहिलाय. ‘हंगामी उमेदवारी’ वाचून मला अप्रेंटिसच वाटलं.

शब्दवेडा: नितीन यांचा गोंधळ रास्त आहे. ‘हंगाम’ फारसी, मूळ अर्थ वेळ, प्रसंग. हंगामी अध्यक्ष खराखुरा अध्यक्ष असतो, फक्त मुदत थोडी. इथे प्रश्न मुदतीचा नाहीच, खरेपणाचा आहे. ‘तात्पुरता’मधला ‘तात्’ माझ्या मते ‘तावत्’वरून आला, म्हणजे ‘तेवढ्यापुरता’. तोही मुदतीचाच शब्द. नेमका शब्द ‘औपबंधिक’. पुरावा नंतर आणून देण्याची सवलत असलेली उमेदवारी.

मृणाल (डोंबिवली): औपबंधिक मी फक्त हिंदी पत्रकांत वाचलाय. लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर जाहिरात वाचणाऱ्या मुलीला तो कळणार नाही. आणि ‘सवलत’ कुठून आणलीत? माझ्या भावाने हाच अर्थ धरला आणि त्याची निवड गेली.

पदवीचं शेवटचं वर्ष होतं. जाहिरातीत पदवी 30 जूनपर्यंत हवी होती. परीक्षा मेमध्येच संपल्या होत्या, म्हणून त्याने अर्ज भरला. निकाल लागला 12 जुलैला. हॉल तिकीट आलं, लेखीत पास झाला, यादीत नंबर आला. कागदपत्रं तपासताना निकालाची तारीख बघितली आणि तिथेच थांबवलं. तो सांगत राहिला, की उमेदवारी तात्पुरती होती, आता गुणपत्रिका आणलीय, आता पक्की करा.

शब्दवेडा: तुमच्या भावावर अन्याय झाला. त्यांना नको होता तर परीक्षेला बसू द्यायचंच नव्हतं. प्रवेश दिला म्हणजे सवलत दिलीच.

फोर्टकर: नाही, प्रवेश आणि सवलत यांत फरक आहे. मी भरतीच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेखीला बसणाऱ्या लाखोंचे कागद आधी कोणी तपासत नाही. अर्जात तुम्ही जे लिहिता त्यावर विश्वास ठेवून हॉल तिकीट निघतं. आम्ही अजून तपासलेलं नाही, एवढंच तो शब्द सांगतो. त्याने तारीख पुढे सरकत नाही. पात्रता कोणत्या दिवशी अंगी हवी आणि तिचा कागद कोणत्या दिवशी दाखवायचा, या दोन वेगळ्या तारखा आहेत. दुसरी तारीख पुष्कळदा लेखीनंतरची असते. मृणालच्या भावाने दुसरी पाळली, पहिली हुकली.

यावर सर्वोच्च न्यायालयात अशोककुमार शर्मा नावाचं प्रकरण झालं. जम्मू-काश्मीरमध्ये कनिष्ठ अभियंत्यांची भरती होती. अर्जाची शेवटची तारीख 15 जुलै 1982. काही उमेदवारांचा पदवीचा निकाल 21 ऑगस्टला लागला आणि मुलाखती त्यानंतर सुरू झाल्या. मुलाखतीच्या दिवशी सगळे पदवीधर होते, त्यामुळे त्यांना घेतलं. आधी न्यायालयाने बहुमताने ते योग्य ठरवलं. 1997 साली फेरविचारात मत फिरलं, की शेवटची तारीख दिली असेल तर पात्रता त्याच तारखेला मोजायची. कारण मला पटतं. निकाल लागला नाही म्हणून ज्यांनी प्रामाणिकपणे अर्जच केला नाही, त्यांचं काय?

मृणाल (डोंबिवली): मग त्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या?

फोर्टकर: नाही, पण ज्येष्ठतेत मुदतीआधी पदवी मिळालेल्यांच्या खाली गेले.

शब्दवेडा: मग राज्यसेवेला शेवटच्या वर्षाची मुलं पूर्व परीक्षा देतात ती कशी? ती सवलतच ना?

फोर्टकर: हो, तिथे आहे. पण ती जाहिरातीत वेगळ्या वाक्यात लिहून दिलेली असते. पूर्वला तात्पुरते पात्र, मात्र मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी हवी. म्हणजे पात्रतेची तारीखच पुढची ठेवलेली आहे. ते वाक्य नसेल तर एकट्या ‘प्रोव्हिजनल’मधून ती सवलत निघत नाही.

अंकिता (घाटकोपर): माझं उलटं आहे. निकाल वेळेत लागला, पण पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळणार. कॉलेजने ‘प्रोव्हिजनल सर्टिफिकेट’ दिलंय. उमेदवारीही प्रोव्हिजनल, प्रमाणपत्रही प्रोव्हिजनल. दोन्ही कच्चं म्हणून काढून टाकतील का?

फोर्टकर: घाबरू नकोस. तुझी पदवी पक्की आहे, कागद तेवढा तात्पुरता. उमेदवारीत कागद, म्हणजे हॉल तिकीट, पक्का असतो आणि पात्रता तपासायची राहिलेली असते. गुणपत्रिकेवर किंवा त्या प्रमाणपत्रावर निकालाची तारीख आहे का, ते मात्र आजच बघ. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या जाहिरातीत हीच तारीख धरतात. निकाल आधी वेबसाइटवर लागला असेल तर त्या दिवसाचं विद्यापीठाचं पत्र मागतात. ते मिळवायला वेळ जातो. पडताळणीचं बोलावणं आल्यावर धावपळ नको.

अंकिता (घाटकोपर): गुणपत्रिकेवर छपाईची तारीख आहे, ती मुदतीनंतरची! निकाल ऑनलाइन आधी लागला होता.

फोर्टकर: मग ते पत्र लागणारच. उद्याच अर्ज दे.

सायली (माहीम): म्हणजे ‘तात्पुरती’ चालेल?

शब्दवेडा: इतकं वाचून माझा ‘औपबंधिक’वरचा हट्ट थोडा सैल झालाय, पण ‘तात्पुरती’ नकोच. ‘सशर्त’ घ्या.

मृणाल (डोंबिवली): सशर्त म्हटलं की पुन्हा अट नंतर पूर्ण करता येईल असंच वाटतं. एका विशेषणावर सोडूच नका. ‘पात्रतेची तपासणी अजून झालेली नाही; ठरलेल्या तारखेला पात्र नसल्यास उमेदवारी कोणत्याही टप्प्यावर रद्द होईल’ असं सरळ लिहा.

सायली (माहीम): पटतं, पण तोच शब्द पुढे प्रत्येक पानावर आहे. दरवेळी दोन ओळी कशा लिहू?

फोर्टकर: आणि सगळीकडे तो एकाच अर्थाने येईल असंही नाही. यूपीएससीच्या लेखीला सगळेच प्रोव्हिजनल. पण अंतिम निकालात काही मोजक्याच जणांची उमेदवारी प्रोव्हिजनल म्हणून वेगळी दाखवतात आणि त्यांना कागद पुरे करायला तीन महिने देतात. तिथे मात्र शब्दवेडा म्हणतात तशी मुदत खरोखर असते.

शब्दवेडा: तेच तर मी म्हणत होतो!

मृणाल (डोंबिवली): ती कागदांसाठी. पदवी त्या तीन महिन्यांत मिळवली तर चालेल का?

फोर्टकर: नाही.

नितीन (लालबाग): फोर्टकरसाहेब, माझ्या मुलीच्या नॉन क्रीमीलेयरची मुदत 31 मार्चला संपली आणि अर्जाची शेवटची तारीख एप्रिलमध्ये आहे. नवीन कागद नंतर दाखवला तर चालेल का?

फोर्टकर: जाहिरातीत त्या प्रमाणपत्राबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः इथे टाका. वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही. तोवर सेतू केंद्रात नवीन प्रमाणपत्राचा अर्ज करून पावती घ्या.