सहामाही हिशोब, ३,७०० चा फरक आणि नऊचा ताळा

कोल्हे काकू (१०४): नमस्कार सगळ्यांना. नोटीस बोर्डवर सहामाही खर्चाचा कागद लागलाय. एकूण खर्च २,०४,९२५. आपले सगळे खर्च बँकेतून जातात, रोखीने काही नाही. पासबुकात खर्च पडतोय २,०८,६२५. हे वरचे ३,७०० कुठे गेले? मागच्या वर्षी काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेलच.

पाटील दादा (१०१): काकू, मागच्या वर्षीचं काढू नका, रात्रभर ग्रुप वाजेल 🙏

महाजन भाऊ, खजिनदार (२०३): काकू, विचारायला काही हरकत नाही. फक्त "कुठे गेले" हा शब्द जरा जपून वापरा. वहीत आहे तेच इथे टाकतो, सगळ्यांनी बघा.

पाण्याचे टँकर १८,६००
बोअरची मोटर दुरुस्ती ७,४५०
लिफ्ट देखभाल १४,१६०
वॉचमन पगार ५४,०००
सफाई २१,०००
कॉमन लाइटबिल ३१,८७२
टाकी सफाई २,८००
गच्ची वॉटरप्रूफिंग ४३,६५०
गणपती मंडप ९,२७५
किरकोळ ३,११८
एकूण २,०४,९२५

पाटील दादा (१०१): टँकरचे १८,६०० दिले ते दिले, पण मे महिन्यात ४५ डिग्रीत पहिला टँकर दरवेळी बी विंगलाच का लागायचा?

भोळे, सचिव (२०१): पाटील, तो विषय वेगळा आहे.

वाणी काका (४०१): महाजन भाऊ, थांबा. आमच्या अडतीवर रोज रात्री पट्टीची बेरीज झाली की आधी नऊचा ताळा पाहायचो. आत्ता पाहिला. प्रत्येक रकमेचे आकडे मिळवायचे, नऊ झाले की सोडून द्यायचे. तुमच्या यादीत वरून खाली असं उरतं: ६, ७, ३, ०, ३, ३, १, ०, ५, ४. ह्यांची बेरीज ३२, म्हणजे ५. आणि तुमच्या एकूणचे आकडे २+०+४+९+२+५ = २२, म्हणजे ४. वर ५, खाली ४. बेरीज चुकली आहे.

रुपाली वहिनी (३०४): वा काका! लाइटबिलाचे ३ कसे आले?

वाणी काका (४०१): ३+१+८+७+२ = २१. पुन्हा २+१ = ३. वॉचमनचे ५+४ = ९, म्हणून शून्य.

महाजन भाऊ, खजिनदार (२०३): पुन्हा केली. शतकाची बेरीज ३९ येते, हातचे ३ धरायचे, वहीत २ धरलेत. एकूण २,०५,९२५.

वाणी काका (४०१): आता २+०+५+९+२+५ = २३, म्हणजे ५. वर ५, खाली ५. ताळा जुळला, हिशोब शुद्ध. विषय संपला 🙏

कोल्हे काकू (१०४): संपला कसा? एक हजार सापडले. अजून २,७०० बाकी आहेत ना.

वाणी काका (४०१): काकू, ताळा जुळला म्हणजे हिशोब शुद्ध. पासबुकाची बेरीज तुम्ही केली ना? ती बघा एकदा.

कोल्हे काकू (१०४): मी ती बँकेच्या स्टेटमेंटवरून घेतली आहे. माझ्यावर ढकलू नका.

पाटील दादा (१०१): हाई काय चालू शे भो 😄 एक्सेलमध्ये टाका, दोन मिनिटांचं काम.

रुपाली वहिनी (३०४): एक्सेल बेरीज बरोबरच करेल दादा, पण यादीत जे टाकू त्याचीच करेल.

भोळे, सचिव (२०१): ह्या गडबडीत सांगून टाकतो, रविवारी गच्चीवर भरीत पार्टी आहे. वांगी आली आहेत. कळण्याच्या भाकरी कोण करणार ते कळवा.

वाणी काका (४०१): पार्टी होईलच. पण आधी नोंद घ्या: वर ५, खाली ५. ताळा जुळला, हिशोब शुद्ध. ही आपल्या पाटणच्या भास्कराचार्यांची रीत आहे, चुकणार नाही.

चौधरी सर (३०२): वाणी काका, भास्कराचार्यांचा मलाही अभिमान आहे. पाटणादेवीजवळच्या शिलालेखासमोर मी मुलांच्या सहली नेल्या आहेत. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं त्यात लिहिलंय. पण ही रीत त्यांच्या आधीची. दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतात ती आहे, आणि तो ग्रंथ साधारण दहाव्या शतकातला मानतात. असो. मुद्दा वेगळाच आहे. ताळा जुळला म्हणून हिशोब शुद्ध, हे मला मान्य नाही. ताळा फुटला तर चूक नक्की. ताळा जुळला तर चूक असूही शकते.

वाणी काका (४०१): सर, मी चाळीस वर्षं अडत केली आहे.

चौधरी सर (३०२): म्हणूनच तुम्हाला लगेच पटेल. तुमच्याच ताळ्याने एक प्रयोग करा. वॉचमनची ५४,००० ची पूर्ण ओळ बेरजेत धरायची राहिली असं समजा. एकूण येईल १,५१,९२५. ह्याचे आकडे मिळवा.

वाणी काका (४०१): १+५+१+९+२+५ = २३. म्हणजे ५.

वाणी काका (४०१): ...

कोल्हे काकू (१०४): म्हणजे ५४ हजार गायब झाले तरी ताळा जुळतो? अरे देवा.

चौधरी सर (३०२): हो, कारण ५४,००० ला नऊने नि:शेष भाग जातो. आता हे का होतं ते सांगतो, सावकाश वाचा. १० ला नऊने भागलं तर १ उरतो. १०० म्हणजे ९९ आणि १, तिथेही १ उरतो. १,००० ला तसंच. म्हणून ३ हा आकडा एककात असो, शतकात असो की हजारात, नऊच्या ताळ्याला तो ३ च दिसतो. त्यामुळेच नुसते आकडे मिळवून काम भागतं. आणि त्यामुळेच आकडा आपल्या घरातून शेजारच्या घरात गेला तर ताळ्याला पत्ता लागत नाही. सोय आणि आंधळेपण एकाच कारणातून आलंय.

महाजन भाऊंचा हातचा ताळ्याला सापडला, कारण हातचा एकने चुकला की एकूण १०, १०० किंवा १,००० ने हलतं आणि बाकी १ चा फरक पडतोच. ती चूक एकटी असेल तर कधीच सुटत नाही. पण तोच हातचा चुकून पुढच्या घरात मिळवला तर सुटतो. ७,४५० चे ७४५ धरले, तरी सुटतं. २१,००० मधल्या एका शून्याच्या जागी ९ वाचला आणि २१,९०० धरले, तरीही सुटतं, कारण ताळ्याला ० आणि ९ सारखेच.

पाटील दादा (१०१): सर, शाळेत असं शिकवलं असतं तर आम्ही इंजिनिअर झालो असतो 😂

चौधरी सर (३०२): पाटील, तू माझ्याच वर्गात होतास.

पाटील दादा (१०१): 🙈

रुपाली वहिनी (३०४): सर, राहिलेला फरक २,७०० आहे. २+७ = ९. ऑफिसात आम्हाला पहिलं हेच शिकवलं होतं: न जुळणाऱ्या रकमेला नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल शोधायची. २,७०० भागिले ९ = ३००. म्हणजे शतक आणि हजार ह्या दोन घरांतले आकडे उलटे पडले असावेत, आणि त्या दोन आकड्यांत फरक ३ चा.

चौधरी सर (३०२): बरोबर, वहिनी. पण ही शंका आहे, पुरावा नाही. २,७०० चं एखादं बिल लिहायचं राहिलं असेल तरी एवढाच फरक येतो. ३,००० चे ३०० लिहिले तरी येतो, पण यादीत ३०० ची रक्कम नाही. आधी अदलाबदल बघू. हजार आणि शतक ह्यांत ३ चा फरक कुठे कुठे आहे?

रुपाली वहिनी (३०४): तीन ठिकाणी. ७,४५० मध्ये ७ आणि ४. १४,१६० मध्ये ४ आणि १. ४३,६५० मध्ये ३ आणि ६.

चौधरी सर (३०२): वहीतली रक्कम पासबुकापेक्षा कमी आहे. म्हणजे वहीत लहान आकडा हजारात बसला असणार आणि मोठा शतकात. पहिल्या दोन रकमांत हजाराचा आकडा मोठा आहे, त्या बाद. उरलं गच्चीचं वॉटरप्रूफिंग. भोळे, बिलाची फाइल तुमच्याकडे आहे ना?

वाणी काका (४०१): तरीपण यादी आणि बेरीज ह्यांचा ताळा जुळला आहे. वर ५, खाली ५. हे लक्षात असू द्या.

कोल्हे काकू (१०४): वाणी भाऊजी, तिसऱ्यांदा झालं हो.

भोळे, सचिव (२०१): फाइल काढली. वॉटरप्रूफिंगचं बिल ४६,३५० चं आहे. चेकही तेवढ्याचाच गेलाय. वहीत ४३,६५० आहे. फोटो टाकतोय.

महाजन भाऊ, खजिनदार (२०३): वहीत दुरुस्त केलं. एकूण २,०८,६२५. पासबुकाशी तंतोतंत. काकू, एक पैसा इकडचा तिकडे नाही.

कोल्हे काकू (१०४): मी कोणावर आरोप केला नव्हता. हिशोब विचारला होता. जुळला, आनंद आहे.

महाजन भाऊ, खजिनदार (२०३): "कुठे गेले" असं लिहिलं होतं, पण जाऊ द्या 🙏

चौधरी सर (३०२): वाणी काका, एक गोष्ट आवर्जून सांगतो. ४३,६५० आणि ४६,३५०, दोन्हींची बाकी शून्यच. तुम्ही थेट बिलांवरून ताळा काढला असता तरी हे दिसलं नसतं. आणि यादीवरून एकूणचा ताळा काढतो तेव्हा आपण कागद कागदाशीच जुळवत असतो, बिलाशी नाही. अकराचा ताळा घेतला असता तर? यादी आणि बेरीज ह्यांत तोही निमूट जुळला असता, कारण चुकीच्या यादीची बेरीज बरोबरच होती. पण तो बिलांवरून काढून वहीच्या एकूणशी ताडला असता, तर फुटला असता.

रुपाली वहिनी (३०४): अकराचा कसा काढायचा सर?

चौधरी सर (३०२): एककापासून डावीकडे जायचं. पहिला आकडा अधिक, दुसरा उणे, तिसरा अधिक, असं आलटून पालटून. १० हा अकरापेक्षा एकने कमी, १०० हा ९९ पेक्षा एकने जास्त, म्हणून चिन्ह बदलत जातं. शेजारचे दोन वेगळे आकडे उलटे झाले की चिन्हं उलटतात आणि बाकी बदलते. म्हणून नऊला न दिसणारी अदलाबदल अकराला दिसते. मात्र एकक आणि शतक ह्यांची अदलाबदल झाली तर चिन्ह तेच राहतं, तिथे अकराही फसतो. मोठ्या बेरजेला दोन्ही ताळे घ्या. रकमा मात्र बिलावरूनच पडताळा.

महाजन भाऊ, खजिनदार (२०३): उद्या संध्याकाळी सातला फाइल घेऊन खाली ऑफिसात बसतो. एकाने बिल वाचायचं, दुसऱ्याने वहीत खूण करायची. काकू, तुम्ही याच.

कोल्हे काकू (१०४): येते. चष्मा घेऊन येते.

पाटील दादा (१०१): आणि टँकरचं?

भोळे, सचिव (२०१): पाटील, रविवारी.

वाणी काका (४०१): सर, २,०८,६२५ चा अकराचा काढला. ५−२+६−८+०−२ = उणे १ आला. उणे आलं तर काय करायचं?

चौधरी सर (३०२): त्यात ११ मिळवा. १० आले. आता बिलं एकेक घेऊन तसंच करा, उरलेल्या बाक्यांची बेरीज करा, अकरा काढत चला. शेवटी १० च यायला हवेत.

वाणी काका (४०१): बसलो करायला.