मदत हवी आहे: रानमोडी दरवर्षी तोडतो, दरवर्षी जास्तच येते

राजापूरकडे आमची दोनेक एकर काजूची कलमं आहेत. मी असतो मुंबईला. तीन वर्षांपूर्वी गडग्याकडेला रानमोडीची चार झुडपं होती. दर डिसेंबरला ग्रासकटरने कापून घेतो, वाळली की गडी पेटवून देतात. यंदा माणूसभर उंच जाळी झालीय. एक बुंधा उकरून पाहिला तर वरून कोळसा झालेला आणि खालून नऊ कोंब! काय चुकतंय?

कोकणी_बाणा: घाणेरी असेल ती. काटे टोचतात का?

धागाकर्ता: काटे नाहीत. पानावर तीन ठळक शिरा आहेत, चुरगळलं की उग्र वास येतो.

कातळकडा: मग रानमोडीच. चूक वेळेची आणि आगीची आहे. डिसेंबरात ती फुलावर असते. कापायला थोडा उशीर झाला की बी तयार होतं. त्याला केसांचा झुबका असतो, वाऱ्यावर तर जातंच, शिवाय गड्यांच्या कपड्यांना चिकटून पुढच्या बागेतही पोचतं. आगीत वरचा पाला जळतो, जमिनीलगतचा गड्डा जिवंत राहतो. गवत आणि किंजळ-ऐनाची रोपं मात्र जळून जातात, म्हणजे मोकळी उन्हाची जागा तुम्हीच तिला करून देता. आणि वाळलेली रानमोडी भडकून पेटते, एखाद दिवशी कलमंही जातील.

श्रावण-भाद्रपदात, माती मऊ असताना, पिकावाने गड्ड्यासकट उपटा. मुळांची माती झटका आणि मुळं वर करून कातळावर टाका. मातीला टेकली तर पावसात पुन्हा जीव धरतात. उतारावर सगळं एकदम साफ करू नका, माती वाहून जाईल. पट्टे पाडून करा.

भाऊ_७७: एवढी मेहनत कशाला? ग्लायफोसेट मारा, विषय संपला.

कातळकडा: कोवळ्या फुटव्यावर लागू पडतं, पण मातीतल्या बियांना काही होत नाही. काजूच्या पानावर उडालं तर काजूही होरपळतो. औषध मारा नाहीतर उपटा, पुढची दोन-तीन वर्षं रोपं वेचावीच लागतात.

नारळीपोफळी: आमच्याकडे मोठ्या आफ्रिकन गोगलगायींनी सुपारीची रोपं खाल्ली. त्यावर काही उपाय?

कातळकडा: वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

माळरान: गुरं सोडून बघा की.

धागाकर्ता: तोंड लावत नाहीत. उलट तिच्याखाली गवतच उगवत नाही, म्हणून शेजारी माझ्यावर चिडलाय.

सह्यवाट: ही मूळची अमेरिकेतली, तिकडे तिला खाणारे किडे आहेत. त्यातली एक गाठमाशी 2005 मध्ये बंगळूरला सोडली होती. खोडावर गाठी येतात, वाढ खुंटते, पण झाड मरत नाही. स्वतःहून आणून सोडायची ही गोष्ट नाही. त्यापेक्षा मोकळ्या जागी सावली करा. दाट सावलीत ती जोर धरत नाही.

धागाकर्ता: खरंय, जुन्या काजूंखाली एकही नाही. पण श्रावण-भाद्रपद म्हणजे गणपती, तेव्हा गडी कुठे मिळायचे? आणि विहिरीलगतच्या जाळीत पिकाव चालत नाही, बांध ढासळेल. तिथे काय करू?