वाचनकट्ट्याची निमंत्रणं: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठी:
आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका वाचक मंडळाचं निमंत्रण फिरत फिरत आलं आणि एकदम जुनं काहीतरी आठवलं. जळगावहून नोकरीसाठी नाशिकला नवीन आलो होतो, ओळखीचं कोणी नाही, रविवार खायला उठायचा. ऑफिसातल्या एका काकांनी असंच एका मंडळाचं छापील पत्रक दिलं. गेलो. जिना चढून दारापर्यंत पोचलो तर आतून माईकवर कोणीतरी बोलत होतं, खुर्च्यांच्या रांगा, पुढच्या रांगेत शाली. पुस्तक कुठलं चाललंय ते पत्रकात नव्हतं आणि दारात उभं राहूनही कळेना. परत खाली उतरलो, अशोक स्तंभापर्यंत चालत गेलो आणि चहा पिऊन घरी. पुढे कितीतरी वर्षं कुठल्या मंडळाच्या वाटेला गेलो नाही.

आता आमचा स्वतःचा छोटा कट्टा आहे गंगापूर रोडला, आणि मागच्या महिन्यात निमंत्रण नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. आधीपासून चालत आलेला मजकूर असा होता:

"सस्नेह निमंत्रण! सर्व साहित्यप्रेमी रसिकांना कळविण्यात आनंद होतो की आपल्या मंडळाची मासिक सभा येत्या रविवारी सायंकाळी ठीक ५ वाजता नेहमीच्या ठिकाणी आयोजित केली आहे. एका गाजलेल्या साहित्यकृतीचे अभिवाचन, रसग्रहण व चर्चा होईल. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे ही विनंती."

आम्ही केलेला असा:

"\*बनगरवाडी\* वाचलीय? वाचताय? रविवारी तिच्यावर गप्पा मारू.
व्यंकटेश माडगूळकरांची छोटी कादंबरी, धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरची.
रविवार १४ जून, संध्याकाळी ५ ते ६:३०. जेहान सर्कलजवळ, क्लब हाउस, तळमजला.
आधी चहा, मग गोल बसतो. ज्याला वाटेल तो आवडलेला किंवा खटकलेला एक उतारा वाचतो, त्यावर बाकीचे बोलतात. भाषण नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. शेवटाबद्दल बोलणं होणारच.
पहिल्यांदा येताय? नाव सांगा आणि बसा, बोललंच पाहिजे असं नाही. निम्मी वाचली असेल तरी चालेल. आमच्यातलं एकजण पावणेपाचपासून गेटवर थांबेल, खालच्या नंबरवर मेसेज टाका म्हणजे आत घेऊन येईल. फी नाही."

तुमच्याकडे काय अनुभव? कुठलं निमंत्रण बघून गेलात, कुठलं बघून गेला नाहीत, कोणी बदलून बघितलंय का?

पंचवटीकर:
शाली!! 😂 आमच्याकडे अजून तेच चालतं. पत्रिकेवर अध्यक्ष, उद्घाटक, स्वागतोत्सुक, सगळ्यांची नावं ठळक आणि पुस्तक कुठेतरी कोपऱ्यात.

सिडकोची_सून:
कुकर लावून लिहितेय. माझ्या सासूबाईंना वाचायचं वेड, पण कुठे जायच्या नाहीत. त्यांचं एकच, "तिथे शिकलेल्या बायका असणार, मला काय विचारलं तर?" एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या चल, तू नुसती ऐक. तेव्हा गेल्या. म्हणजे ते 'बोललंच पाहिजे असं नाही' हे वाक्य त्यांच्यासाठीच आहे बघा. आता त्या इतकं बोलतात की बाकीच्यांना संधी नाही, तो वेगळा विषय. शिट्टी झाली, येते

शिळोप्याचा_वाटसरू:
बरीच वर्षं असले गट चालवलेत, आधी नाशिक रोडला आणि आता इंदिरानगरला, म्हणून थोडं लांबण लावतो. पुस्तकाचं नाव पहिल्या ओळीत आणलंत हे सगळ्यात कामाचं. फोनवर मेसेज आल्याचं दिसतं तेव्हा पहिले काही शब्दच दिसतात, आणि त्या जागी 'सस्नेह निमंत्रण सर्व साहित्यप्रेमी' असेल तर माणूस लग्नाची पत्रिका समजून नंतर बघू म्हणतो. मेसेज लांब झाला की खालचा भाग 'आणखी वाचा'खाली दडतो, म्हणून पुस्तक, वार आणि जागा वरच हवी.

दुसरं, 'येत्या रविवारी' काढलंत ते बरं. हे मेसेज शुक्रवारी निघतात आणि सोमवारी कुणाच्या तरी मावशीकडे पोचतात, मग ती पुढच्या रविवारी बंद दारासमोर उभी. वार आणि तारीख दोन्ही लिहायची म्हणजे एकात चूक झाली तर कोणीतरी टोकतं. 'नेहमीच्या ठिकाणी' तर नवीन माणसाला सरळ बाहेर ठेवतं, त्याला नेहमीचं काय माहीत.

वातावरण कसं आहे ते सांगताना मात्र जपून. 'खेळीमेळीचे वातावरण' असं सगळेच लिहितात, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही चहा, गोल बसणं, उतारा वाचणं लिहिलंत, त्यातून ते आपोआप दिसतं. पण मग तसंच घडलंही पाहिजे. आमच्याकडे एकदा असं छान लिहिलं आणि त्या दिवशी जुन्या मंडळींनी पहिला अर्धा तास मागच्या महिन्याच्याच पुस्तकावरून वाद घातला. दोन नवीन मुली आल्या होत्या, एकमेकींकडे बघत बसल्या, नंतर दिसल्या नाहीत. त्यानंतर आम्ही आधीच सांगून ठेवतो की चहा संपेपर्यंत मागचं पुस्तक, कप खाली ठेवला की नवीन.

महात्मानगर_मयूर:
एवढं कोण वाचतं सर, पोस्टर टाका. मोठ्या अक्षरात पुस्तकाचं नाव, मुखपृष्ठाचा फोटो, खाली वेळ. लोक चित्र बघतात, मजकूर कोणी वाचत नाही.

दृष्टीआड:
मयूर, अर्धं बरोबर आहे तुझं, मुखपृष्ठ बघून पुस्तक पटकन ओळखू येतं. पण माझे काका बघू शकत नाहीत, फोन त्यांना मेसेज वाचून दाखवतो. पोस्टर आलं की फोन फक्त फोटो आहे एवढंच सांगतो, आतली तारीख नाही की नाव नाही. ते दर वेळी मला फोन करून विचारतात यात काय लिहिलंय. मजकूरही द्या, आणि दोन दोन ओळींनी फुलं आणि चांदण्या नका टाकू, फोन प्रत्येक फुलाचं नाव मोठ्याने म्हणतो 😅

पंचवटीकर:
फुलं 😂 आमच्या ग्रुपचा सुप्रभात ऐकवायला पाहिजे काकांना

महात्मानगर_मयूर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग पोस्टर आणि खाली मजकूर दोन्ही.

गोदाकाठी:
@दृष्टीआड धन्यवाद, पुढच्या वेळेपासून तसंच करतो. अजून एक बारीकसं, नाव ठळक करायला दोन्ही बाजूंनी \*चांदणी टाकतो तेव्हा चांदणी आणि अक्षर यात जागा सुटली तर ते ठळक होत नाही, नुसत्या चांदण्याच दिसतात. आमचा पहिला मेसेज तसाच गेला होता.

रेवती_वाचते:
मी बनगरवाडी वाचली नाहीये पण सिनेमा बघितलाय, अमोल पालेकरांचा. चालेल का यायला? निमंत्रणात तसं काही नाही म्हणून विचारते

जुना_सभासद:
खरं सांगू, मला हे 'निम्मी वाचली तरी चालेल' अजिबात पटत नाही. आमच्या गटात हे वाक्य आलं आणि दोन महिन्यांत पूर्ण वाचून येणारे आम्ही चारच उरलो, बाकी सगळे 'अजून चालू आहे'. मग बोलणार कशावर? बनगरवाडी काय ठोकळा आहे का, दोन संध्याकाळी होते. सावानाचे सभासद असाल तर तिथे विचारा, १९५५ चं पुस्तक आहे, जुन्या ग्रंथालयात सहज मिळायला हवं. आणि सिनेमा बघून पुस्तकावर बोलायचं म्हणजे...

रेवती_वाचते:
म्हणजे काय काका 🙄 पूर्ण करा वाक्य

शिळोप्याचा_वाटसरू:
जुना_सभासद यांचं दुखणं खोटं नाही. आमच्याकडे तोडगा असा निघाला की सूट नवीन माणसालाच द्यायची. म्हणजे 'वाचून या' हे सगळ्यांना, आणि 'पहिल्यांदा येताय तर न वाचताही या' हे त्याच्या खालच्या ओळीत. जुन्यांना पळवाट राहत नाही आणि नवीन माणूस घाबरत नाही. काही दिवस बरं चाललं, मग जुने लोक म्हणायला लागले की आम्हीपण या पुस्तकाला पहिल्यांदाच येतोय 😀

जुना_सभासद:
बघा! मी हेच म्हणतोय.

गोदाकाठी:
आमच्या मजकुरात ती सूट 'पहिल्यांदा येताय'च्या पुढेच आहे, पण वाचणारा सगळ्यांसाठीच धरणार हे खरं. आमच्याकडे यावर अजून भांडण चालू आहे. रेवती, तुम्ही या. सिनेमात काय वेगळं केलंय ते ऐकायला मजा येईल.

ओझरचा_अव्या:
बनगरवाडी म्हणजे तीच ना ज्यात शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते? शाळेत असताना वाचलेली.

सिडकोची_सून:
अरे देवा शेवट फोडला. आत्ताच सासूबाईंसाठी आणायचं ठरवलं होतं

ओझरचा_अव्या:
'शेवटाबद्दल बोलणं होणारच' लिहिलंय की वर!! मी नियमात आहे

अबोली_७:
मला एक मंडळ सुचवा ना कोणी, मुलगा आठवीत आहे, इंग्रजी मिडियम, मराठी वाचत नाही. हा धागा त्यासाठीच आहे असं वाटलं आधी. लहान मुलं चालतात का अशा ठिकाणी ते पण कोणी लिहीत नाही निमंत्रणात.

शिळोप्याचा_वाटसरू:
अबोलीताई, हा मुद्दा चांगला आहे, आमच्याही मजकुरात नाही तो. आठवीतला मुलगा दीड तास बसेल का ते तुम्हालाच माहीत, पण निमंत्रण पाठवणाऱ्याला सरळ विचारा. खरं तर लोक काय विचारायला फोन करतात त्यावरूनच मजकूर कसा झालाय ते कळतं. 'पुस्तक कुठलं?', 'भाषण आहे का?', 'सभासद व्हावं लागतं का?' असे फोन आले तर समजा मजकुरात ते नाही किंवा दिसत नाहीये. मी पाठवायच्या आधी बायकोच्या बहिणीला वाचायला देतो, तिला वाचनात काडीचा रस नाही. मेसेज बाजूला ठेवून तिला विचारतो, कुठलं पुस्तक, गेल्यावर काय होणार, तू न वाचता गेलीस तर काय होईल? तिला सांगता आलं तर पाठवतो.

गोदाकाठी:
हे आवडलं. आमच्याकडे आधी खरंच 'पुस्तक कुठलं' आणि 'कोण बोलणार आहे' हेच प्रश्न यायचे. नवीन मजकुरावर आत्तापर्यंत आलेले प्रश्न: पार्किंग आहे का, चहा बिनसाखरेचा मिळेल का.

पंचवटीकर:
आणि आधी मिसळ खाऊन यायची की नंतर

महात्मानगर_मयूर:
५ वाजता मिसळ? सकाळची वेळ ठेवा मग, मी पुस्तकपण पूर्ण वाचून येतो

जुना_सभासद:
लिहून द्या.

रेवती_वाचते:
पार्किंगचं खरंच सांगा हो, टू-व्हीलर आत लावू देतात का बाहेर लावायची? त्या सर्कलला संध्याकाळी जागा नसते