दोन महिन्यांच्या शिजवलेल्या अन्नासाठी व्हॅक्यूम सीलर हवाच का?

नीरजा
महिन्यातून एक दिवस मी भरपूर शिजवून ठेवते: कडधान्यांचा रस्सा, मांसाचा रस्सा, भात. सगळं झिपच्या फ्रीझर पिशव्यांत भरून गोठवते. दीड-दोन महिन्यांनी काढावं तर पिशवीच्या आत भुगाभर बर्फ, मांसाच्या कडा पांढरट आणि चिवट, भात कोरडा. व्हॅक्यूम सीलर घेतला तर हे थांबेल का? की आहेत त्याच पिशव्या वापरायला मी नीट शिकू?

रानवारा
पिशव्याच वापरायला शिका. मी यंत्राशिवाय कित्येक वर्षं हेच करतोय.

तुमच्या पिशवीतला बर्फ बाहेरून आलेला नाही, तो अन्नातूनच निघालाय. गोठलेल्या अन्नाच्या पृष्ठभागावरचा बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो आणि पिशवीतल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकला चिकटून पुन्हा बर्फ होतो. त्या पांढरट कडा म्हणजे पाणी उडून गेलेली जागा. ती खाल्ल्याने काही होत नाही, पण कितीही शिजवली तरी ती पुन्हा मऊ होत नाही. मोकळी जागाच ठेवली नाही तर बर्फाला जमायला जागा उरत नाही.

त्यासाठी पंप लागत नाही. पातेलंभर पाणी घ्या. भरलेल्या पिशवीची झिप एक कोपरा सोडून लावा आणि तो कोपरा वर धरून पिशवी हळूहळू पाण्यात बुडवा. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक अन्नाला चिकटत जातं आणि हवा कोपऱ्यातून निघून जाते. पाणी झिपच्या जवळ आलं की कोपरा दाबून बंद करा. रस्स्यासाठी तर हे यंत्रापेक्षा सोपं आहे.

मानस
रानवारा, पद्धत चांगली आहे, पण ती पहिल्या दिवसापुरती. झिप कधीच पूर्ण हवाबंद नसते, आणि साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतच राहतो. व्हॅक्यूमच्या पिशवीत नायलॉनचा थर असतो आणि तो ऑक्सिजनला पुष्कळ अडवतो. तेलकट माशात हा फरक जिभेलाच कळतो. एकाच दिवशी आणलेल्या माशाचे अर्धे तुकडे मी झिपमध्ये ठेवले, अर्धे सील केले. तीन महिन्यांनी झिपमधल्या माशाला खवट वास होता, सील केलेला चांगला निघाला. थंडीने चरबीचं खवट होणं मंदावतं, थांबत नाही. नीरजाताई, यंत्र घ्या.

रानवारा
तुमचा मासा कच्चा होता आणि मुदत तीन महिन्यांची. ताई शिजवलेल्या रस्स्याबद्दल, दोन महिन्यांसाठी विचारताहेत. रस्स्यात मांसाचे तुकडे द्रवात बुडालेले असतात. त्यांच्यापर्यंत हवा पोहोचते कुठे?

मानस
बुडालेले असतील तर पोहोचत नाही, मान्य. पण त्यांनीच लिहिलंय की कडा पांढऱ्या पडतात. म्हणजे तुकडे वर उघडे राहताहेत.

कोठार
मोठ्या स्वयंपाकघरात साठवणुकीचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही दोघं हवेबद्दल भांडताय. नीरजाताईंनी वर्णन केलेला भुगाभर बर्फ फक्त हवेने होत नाही. त्याला तापमानाचं वर-खाली होणं लागतं.

बर्फ न साचणाऱ्या फ्रीझरमध्ये थंड करणाऱ्या नळ्यांवरचं हिम काढण्यासाठी ठरावीक वेळाने हीटर चालू होतो. दार उघडतानाही तेच घडतं. प्रत्येक वेळी पिशवीचा पृष्ठभाग जरासा गरम होतो, अन्नातली ओल बाहेर येते आणि पुन्हा थंड होताना पिशवीच्या आत जमते. दाराजवळ ठेवलेल्या पाकिटात हे सर्वांत जास्त होतं. उत्तम सील केलेल्या, अजूनही घट्ट असलेल्या पाकिटातही अशा जागी आतून हिमाचा पातळ थर मी पाहिलाय. म्हणून आधी थर्मामीटर ठेवून पाहा. उणे १८ अंश किंवा त्याखाली तापमान स्थिर असायला हवं.

दुसरी गोष्ट जाडीची. ताई, तुमची पिशवी उभी, फुगीर, चार-पाच सेंटिमीटर जाड असेल, असा माझा अंदाज आहे. तिचा मधला भाग गोठायला रात्र जाते. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे कण होतात, ते मांसाचे तंतू फाडतात आणि वितळल्यावर सगळं पाणी सुटतं. तीच पिशवी ताटात आडवी ठेवून दोन सेंटिमीटर जाडीची केली, तर गोठण्याचा वेळ निम्म्याहून कमी होतो. द्रवही तुकड्यांवर सारखा पसरतो आणि मानस म्हणतात तशा कडा उघड्या राहत नाहीत.

एकदा मी हे मुद्दाम करून पाहिलं. एकाच पातेल्यातला मांसाचा रस्सा, अर्ध्या अर्ध्या किलोची सहा पाकिटं. दोन फुगीर झिपमध्ये, दोन पाण्यात हवा काढून सपाट झिपमध्ये, दोन यंत्राने सील करून सपाट. सगळी फ्रीझरच्या तळाशी, मागे. आठ आठवड्यांनी उघडली. फुगीर पाकिटांतून मूठभर हिम निघालं आणि वरचे तुकडे कोरडे होते. सपाट झिप आणि व्हॅक्यूम शेजारी ठेवून चार जणांना चाखायला दिले, कोणालाही फरक ओळखता आला नाही. उरलेली दोन पाकिटं पाचव्या महिन्यात काढली तेव्हा मात्र झिपमधल्या रस्स्यावरच्या चरबीला जुनाट वास येत होता, सील केलेल्याला नव्हता. माझ्या मते दोन महिन्यांच्या रस्स्याला यंत्र लागत नाही. कच्चं मांस, मासे, चार महिन्यांवरची साठवण असेल तर घ्या.

अभय
एक फायदा कोणीच लिहिला नाही. व्हॅक्यूम केल्यावर हवा नसते, म्हणून जंतू वाढू शकत नाहीत. मी शिजवलेल्या भाज्या सील करून फ्रीझरमध्ये न ठेवता साध्या फ्रिजमध्येच दोन-तीन आठवडे ठेवतो. वासही येत नाही, चवही बदलत नाही. वितळवत बसण्याची कटकटच नाही.

कोठार
अभय, हे कृपा करून आजपासून बंद करा. तुमचं अर्धं बरोबर आहे. बुरशी आणि वास आणणारे बरेच जंतू हवेशिवाय मागे पडतात. पण बोट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, म्हणजे शिजवलेल्या भाजीतही ते जिवंत असू शकतात. त्याचे काही प्रकार ३ अंशांच्या थोडं वरही वाढतात, आणि घरचा फ्रिज साधारण ४-५ अंशांवर असतो. लिस्टेरियालाही फ्रिजची थंडी चालते, हवा असो वा नसो.

वास येत नाही ही इथे जमेची बाजू नाही. अन्न बिघडलंय हे सांगणारे जंतू तुम्ही काढून टाकलेत, विष तयार करणारा तसाच ठेवलात. पाकीट फुगलं तर तो इशारा आहे, पण न फुगता, वास न येताही विष असू शकतं. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये सील केलेलं असो वा डब्यात, तीन-चार दिवसच. त्यापुढे फ्रीझर.

मानस, तुमच्यासाठीही हेच. सील केलेला गोठलेला मासा फ्रिजमध्ये वितळायला ठेवताना पिशवी आधी कापून उघडी करता ना?

मानस
नाही. आजवर तशीच ठेवत होतो. यापुढे कापेन.

सुनंदा
मी वर्षाचं धान्य एकदम भरते, म्हणून हे वाचते आहे. गेल्या वर्षी तांदूळ सील करून कपाटात ठेवले. महिन्याभरात निम्मी पाकिटं सैल पडली, दोनमध्ये किडे झाले. मशीन खराब निघालं का?

रानवारा
सुनंदाताई, धागा फ्रीझरमधल्या अन्नाबद्दल आहे, पण तुमचं उत्तर सोपं आहे. दाण्यांची टोकं घट्ट प्लास्टिकला आतून बारीक छिद्रं पाडतात. पाकीट हातात घेऊन खिळखिळं लागलं की हवा शिरलीच. आणि किड्यांची अंडी बहुधा धान्यातच होती. आधी चार दिवस उणे १८ अंशांवर ठेवा, बाहेर काढल्यावर बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर दाण्यांवर ओल धरेल. मग जाड कागदी पिशवीत घालून सील करा, म्हणजे टोकं प्लास्टिकला लागणार नाहीत.

सुनंदा
पाकिटं सैल पडली होती ती सगळी मशीनवरच्या कडेला नव्हे, मधूनच. तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय.

नीरजा
कोठारदादा, जाडीचा अंदाज अगदी खरा निघाला. पिशव्या उभ्याच ठेवत होते, त्याही दारापाशी. थर्मामीटर ठेवला, दारापाशी उणे ११ दाखवतोय, मागे उणे १८.

दरम्यान शेजारच्या काकूंचं यंत्र दोन दिवसांसाठी आणलं. रस्सा भरला तर पंपाने तो वर ओढला, सीलच्या जागी ओलं झालं आणि तासाभरात पाकीट सैल. भाताचा तर दाबून लगदा झाला.

मानस
ताई, घरगुती यंत्रात पातळ पदार्थ थेट भरायचा नाही. पूर्ण गार केलेला रस्सा उथळ डब्यात ओतून आधी गोठवा, वडी झाली की काढून पिशवीत घाला आणि मग सील करा. भातही ताटात पसरून दोन-तीन तास कडक करा, मग दाबला जाणार नाही. पिशवीचं तोंड भरताना बाहेर दुमडून ठेवा, म्हणजे सीलच्या पट्टीला तेल लागत नाही. तेलाचा ओघळ लागला की सील दिसायला पक्कं, पण धरत नाही. शंका असेल तर अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरं सील मारा.

कोठार
आणि गरम असताना कधीच नको. दाब कमी झाला की कोमट रस्सासुद्धा फसफसतो आणि वाफ पंपात जाते. भाताचं गार करणं तर यंत्राहून महत्त्वाचं. पातेल्यात झाकून ठेवलेला भात आतून तासन् तास कोमट राहतो आणि त्यात वाढणारा जंतू जे विष सोडतो ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पातळ पसरून तासाभरात गार करा आणि लगेच गोठवा.

रानवारा
म्हणजे यंत्र वापरायचं तर आधी डब्यात गोठवा, वडी काढा, पिशवीत भरा, दोनदा सील करा. दोन महिन्यांच्या रस्स्यासाठी एवढं? पातेलंभर पाण्यात तेच काम मिनिटात होतं, हे मी अजूनही म्हणेन.

मानस
तुमच्या मिनिटाच्या पाकिटात पाचव्या महिन्यात काय निघालं तेही वर लिहिलेलं आहे. सगळं दोन महिन्यांतच संपतं असं किती घरांत होतं? फ्रीझरच्या तळाला काहीतरी राहतंच.

नीरजा
माझ्याकडे राहतं. खरं सांगायचं तर मागच्या वर्षीची दोन पाकिटं अजून आहेत. सध्या यंत्र काकूंना परत केलंय. या वेळी सगळं सपाट करून मागच्या बाजूला लावलंय, प्रत्येकावर तारीख लिहून. भाताची अर्धी पाकिटं मात्र काकूंकडेच सील करून आणली, तुलनेसाठी. आठ आठवड्यांनी उघडून इथेच लिहीन. रस्स्यातले बटाटे दरवेळी भुसभुशीत आणि पाणचट होतात, त्यावर कोणाकडे उपाय आहे का?

कोठार
बटाट्यावर नाही. गोठताना त्यातला पिष्टाचा जाळीदार भाग तुटतो आणि पाणी सोडतो, पिशवी कुठलीही असो. बटाटे न घालता गोठवा, गरम करताना ताजे उकडून घाला.