मदत हवी आहे: पूर्वनोंदणीआधी पाहिलेले ४० फॉर्म धरावेत का?

सोलापुरात ३०० विडी कामगार महिलांचा मानदुखीचा सर्व्हे करतेय. गृहीतक एकच: रोज जास्त तास विड्या वळणाऱ्यांचा वेदना-गुण (० ते १०) जास्त असेल. विश्लेषण रिग्रेशनने, वय आणि कामाची वर्षं धरून. वेदनेचा प्रश्न कोरा असेल तर तो फॉर्म बाद. हे सगळं OSF वर नोंदवायला लिहून ठेवलंय.

अडचण अशी, की चाचणीचे ४० फॉर्म भरून झालेत आणि मी त्यांची सरासरी पाहिली. तासांचे गट पाडले तर फरक ठळक दिसतो; आकडे पाहून सोयीचे गट निवडले असं होऊ नये, म्हणूनच तास सलग आकडा म्हणून घेणार आहे. प्रश्नावली बदललेली नाही. नवीन ३०० फॉर्म भरून घेण्याइतका वेळ नाही.

हे ४० वगळून २६० वरच गृहीतक तपासू, की पाहिल्याचं नोंदणीत सांगून सगळे ३०० धरू?