मदत हवी आहे: मिळालेला प्रवेश सोडण्याचे पत्र कसे लिहावे?

नमस्कार. आम्ही खानापूरचे. माझ्या धाकट्या बहिणीला बेळगावातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. रसायनशास्त्राला जागा मिळाली होती आणि आम्ही शुल्कही भरले होते. परंतु परवा तिला कोल्हापुरात हव्या त्या विषयात प्रवेश मिळाल्याने बेळगावची जागा सोडायची आहे. प्रतीक्षा यादीत पहिल्या क्रमांकावर नंदगडची एक मुलगी आहे, म्हणून ही जागा एक दिवसही अडकून राहू नये असे आम्हांला मनापासून वाटते.

पहिल्या मसुद्यात बहिणीने "सध्या रुजू होणे शक्य दिसत नाही" असे लिहिले होते. त्यावरून ती मुदतवाढ मागते आहे असा अर्थ निघेल आणि कार्यालय जागा राखून ठेवील, म्हणून मी ते बदलून असे केले: "आपण दिलेल्या प्रवेशाबद्दल मी आभारी आहे. मी हा प्रवेश स्वेच्छेने व कायमचा सोडत असून ही जागा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास द्यावी, ही विनंती." वर अर्ज क्रमांक, खाली तिची सही. कारण एका ओळीत पुरे ना?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान 15 दिवस आधी कळवल्यास, प्रक्रिया शुल्क वगळून, पूर्ण रक्कम परत मिळते. आमच्या हाती 17 दिवस आहेत. तेव्हा आजच ईमेल पाठवून उद्या सहीचा अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्यावी, की मूळ दाखलेही त्याच वेळी मागावेत? पत्र कन्नडमध्ये हवे की इंग्रजी चालते? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.