ऑफिसच्या मेलमध्ये स्मायली, विनोद आणि उद्गारचिन्ह : तुमचे अनुभव सांगा

ऐरोलीची_मी
महापेला फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे. माल कुठवर पोचला ते परदेशी गिऱ्हाइकांना कळवायचं, हे माझं काम. हॅम्बर्गच्या खरेदीदाराकडची बाई तीन वर्षं माझ्याशी गप्पा मारल्यासारखं लिहायची, शेवटी डोळा मारणारा स्मायलीही असायचा. जुलैत आमचा कंटेनर न्हावा शेवाला कट-ऑफ उलटल्यावर पोचला आणि जहाज चुकलं. मी लिहिलं, "बॅड न्यूज! कंटेनरला मुंबईचा पाऊस आवडलाय, आणखी आठवडाभर राहतोय 😄". तिने ते जसंच्या तसं कारखान्याच्या प्रमुखाला फॉरवर्ड केलं. तिकडे त्या मालावाचून लाइन थांबायची वेळ आलेली. त्याचं उत्तर थेट आमच्या साहेबांना आलं: उशीर कशामुळे, नवी तारीख कोणती, आणि यात हसण्यासारखं काय आहे?
मेलमध्ये हे सगळं कधी चालतं, तुम्ही कसं ठरवता?

खारघर_टेकडी
माझा सोपा नियम आहे. समोरच्याने आधी स्मायली टाकला तरच आपण टाकायचा. आजवर फसलेलो नाही.

बेलापूरचा_जुना
बावीस वर्षं निर्यातीत काढली म्हणून सांगतो. टेकडी, तुमचा नियम ताईंनी पाळलाच होता की! स्मायली आधी त्या बाईनेच टाकला होता. पण उशिराची बातमी तिच्यापाशी थांबणार नव्हती. तिला वर जाब द्यायचा असतो, मग ती आपलाच मेल पुढे ढकलते. म्हणून उशीर, दर, तक्रार यांवरचा मेल मी अनोळखी साहेबाला लिहितो तसाच लिहितो. पहिल्या ओळीत काय झालं, मग कारण, मग नवं जहाज आणि पोचायची तारीख, शेवटी माफी. तिला हसवायचंच असेल तर वेगळा दोन ओळींचा मेल टाकावा, नाहीतर फोन करावा.
पुढचं जहाज सुटलं की मात्र "अखेर निघाला!" असं एक उद्गारचिन्ह खुशाल टाका. विनोद तेव्हा, तोही स्वतःवर. त्यांच्या खोळंब्यावर नको.
आणि मायना बघत जा. "हाय"वरून ती "डिअर मिस"वर आली, तर आपणही मुकाट्याने तिथे जायचं. एक गंमत: जुन्या वळणाचे जर्मन मायन्यानंतरच उद्गारचिन्ह घालतात. त्याला उत्साहही समजू नका, रागही.

घोडबंदर_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सच्या सूचनेखाली लोक 👍 टाकतात आणि पैसे भरत नाहीत. यावर काय करावं?

खारघर_टेकडी
@सेक्रेटरी, इथे मेलचं चाललंय हो.

वागळे_इस्टेट
माझा वेगळाच किस्सा. नवीन होते तेव्हा एका वेंडरला आउटलुकवरून "थँक्स :)" पाठवलं. त्याचं उत्तर, "हा जे कोण? फाइल त्यांना पाठवायची का?" झालं असं, की तेव्हाचं आउटलुक :) चं आपोआप हसरं तोंड करायचं, पण ते विंगडिंग्ज फॉन्टमधलं J अक्षर असायचं. ज्याच्याकडे तो फॉन्ट दिसत नसे त्याला नुसता J दिसायचा. टाइप केल्याबरोबर Ctrl+Z केलं की :) परत येतं. कायमचं बंद करायचं तर AutoCorrect Options मधून ती नोंद काढा.

कोपरी_पूल
आमचा पत्रव्यवहार सरकारी कार्यालयाशी. तिथे मेलची प्रिंट निघते, त्यावर शेरा पडतो आणि ती फाइलला लागते. एकदा शेवटी 🙏 टाकलं होतं, प्रिंटवर रिकामा चौकोन आला. त्याहून वाईट म्हणजे "अद्याप उत्तर मिळालेले नाही!" साहेबांनी ते उद्गारचिन्ह पेनाने गोल केलं आणि मला विचारलं, "हे रागावून लिहिलंय का?" मी घाईत लिहिलं होतं, इतकंच. आता मागणी करताना पूर्णविरामच देतो. आभार मानताना एखादं चालतं, असं वाटतं.

खारघर_टेकडी
बरं, नियमात भर घातली: वाईट बातमीला सुट्टी. पण साहेबाने स्वतः 👍 टाकला तर उलट टाकायचा का? आमच्याकडे दोन गट आहेत.

बेलापूरचा_जुना
मी नाही टाकत. "मिळालं, आज पाठवतो" लिहितो. नुसत्या अंगठ्यातून मी मेल वाचला की कबूल केलं, ते कळत नाही. दराच्या मेलला तर नकोच. माझी मुलगी मात्र म्हणते, बाबा, तुमचं उत्तर कोरडं वाटतं.

ऐरोलीची_मी
साहेबांच्या सहीने साधा मेल गेला, जुन्यांनी सांगितला जवळपास तसाच. कंटेनर पुढच्या जहाजावर चढला तेव्हा मी "अखेर निघाला!" लिहिलं, स्मायलीशिवाय. बाईंचं उत्तर आलं, "नोटेड, थँक यू." पूर्वी तिथे तीन ओळी असायच्या. उद्या तिला बिल ऑफ लेडिंगची प्रत पाठवायची आहे, मायन्याला "हाय" लिहू की "डिअर", हे ठरवत बसलेय.